‘पाटी’ स्किन आणि ती बसवायची सूचना : कामाच्या नोंदी

४ मे २०२५

परीक्षा संपल्या. ओसू खेळणाऱ्या आमच्या मराठी गटात आठवडाभरात बरीच नवी मंडळी आली, बहुतेक आठवी ते बारावीतली. पहिला प्रश्न ठरलेला: “दादा, तुमच्यासारखी स्किन कशी लावायची?”

ओसू हा तालाचा खेळ २००७ पासून फुकट मिळतो. गाणं वाजतं, पडद्यावर आकडे लिहिलेली वर्तुळं उमटतात आणि ठेक्यावर त्यांना टिचकी द्यायची. वर्तुळ, बाण, आकडे, गुणांची पट्टी, टिचकीचा आवाज हे सगळं बदलता येतं, आणि त्या बदलाच्या गठ्ठ्याला स्किन म्हणतात. हौशी लोकांनी केलेल्या स्किनांना अंतच नाही. पोरं त्या कुठूनही उतरवतात, तेही बाबांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर.

म्हणून ठरवलं की गटाची स्वतःची एक स्किन करायची. आम्हा दोन ॲडमिननी तिची प्रत्येक फाइल उघडून पाहायची आणि मगच तिला ‘मंजूर’ म्हणायचं. गटातली एक मुलगी चित्रकलेचं शिक्षण घेते, तिने काढायला घेतलीसुद्धा. काळी पाटी, खडूने काढलेली पांढरी वर्तुळं आणि आत १, २, ३ असे देवनागरी आकडे. नाव अर्थातच ‘पाटी’. ती कशी बसवायची याची सूचना लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

मला वाटलं, चार ओळींचं काम आहे. `.osk` फाइल उतरवा, दोनदा क्लिक करा, खेळाच्या सेटिंगमध्ये स्किनच्या यादीतून निवडा. झालं.

६ मे

सूचना बाहेर पडायच्या आधीच घोळ झाला.

नाशिकच्या नववीतल्या एका मुलाने रात्री निरोप टाकला: “दादा, स्किन उघडत नाहीये, काळी खिडकी येऊन जाते.” त्याला फाइलचं पूर्ण नाव विचारलं, तर `neon_blue.osk` म्हणाला. फोटो मागवला. फाइलचं चिन्ह ओसूचंच गुलाबी वर्तुळ होतं, पण शेजारी प्रकाराच्या रकान्यात ‘Application’ लिहिलेलं. म्हणजे खरं नाव `neon_blue.osk.exe`. विंडोज स्वतःला माहीत असलेली शेपटी, म्हणजे फाइलच्या नावातलं शेवटच्या टिंबापुढचं टोक, मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे शेवटचं `.exe` गायब झालं आणि मधलं `.osk` खरं वाटलं. चिन्ह तर कोणीही कोणतंही लावू शकतो.

फाइल आली होती एका झिपमधून, आणि झिपला पासवर्ड होता. पासवर्ड शेजारीच लिहून दिलेला. मुलगा म्हणाला, “मला वाटलं सेफ्टीसाठी असेल.” उलट आहे. पासवर्ड असला की ब्राउझर आणि अँटिव्हायरसला झिपच्या आत डोकावता येत नाही. गुपित राखायचं असतं तर पासवर्ड शेजारी लिहिला नसता.

मग रात्री साडेअकरापर्यंत त्याच्या आईशी फोनवर. सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. आधी वायफाय बंद. मग विंडोजच्या सिक्युरिटीमधून ऑफलाइन स्कॅन, कारण त्यात संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते. पासवर्ड बदलायचे, पण त्या लॅपटॉपवरून नाही, फोनवरून. आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं म्हणजे खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बाकीची सगळी सत्रं बंद करायची. असल्या फाइली बहुधा ब्राउझरमध्ये साठलेली लॉगिनची खूण, म्हणजे कुकी, चोरतात. ती खूण ज्याच्या हाती आहे त्याला पासवर्ड लागतच नाही. ओसूच्या खात्यातही चालू सत्रांची यादी दिसते आणि तिथून ती एकेक संपवता येतात.

त्यांच्या ऑफिसात कळवा असंही सांगितलं. त्यावर माऊली जरा गप्प झाल्या. पण लॅपटॉप कंपनीचा, हे लपवून चालणार नाही.

७ मे

चार ओळींची सूचना रद्द केली. आता मुळापासून.

आधी ही `.osk` म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण सगळी सुरक्षितता त्यावरच उभी आहे. `.osk` म्हणजे साधी झिप, फक्त शेपटी बदललेली. आत चित्रं (`.png`, क्वचित `.jpg`), आवाज (`.wav`, `.ogg`, `.mp3`) आणि `skin.ini` नावाची मजकुराची एक फाइल. `hitcircle.png` म्हणजे वर्तुळ, `cursor.png` म्हणजे बाण, `default-0.png` ते `default-9.png` म्हणजे वर्तुळातले आकडे. एखादं चित्र नसलं तर खेळ स्वतःचं मूळ चित्र वापरतो. चालवायची अशी एकही गोष्ट आत नसते. म्हणून ज्या स्किनला ‘इन्स्टॉलर’ लागतो ती स्किन नव्हे. जी स्किन बसवताना ओसूचं लॉगिन विचारते तीही नव्हे.

एक गंमत याच कामात आठवली. विंडोजमध्ये `osk.exe` नावाचा खराखुरा प्रोग्राम आहे, पडद्यावरचा कीबोर्ड. `System32` या फोल्डरात असतो. त्यामुळे कोणी “osk चालव” म्हटलं आणि शोधपट्टीत `osk` टाकलं की कीबोर्ड उघडतो. हा अनुभव गटात दोघांना आला आणि दोघेही व्हायरस आला म्हणून घाबरले. तो कीबोर्ड निरुपद्रवी आहे. पण डाउनलोड फोल्डरात `osk.exe` नावाचं काही दिसलं तर ते ना कीबोर्ड, ना स्किन.

सूचनेची पहिली पायरी नक्की झाली: फाइलींच्या शेपट्या दिसू द्या. विंडोज ११ मध्ये फोल्डर उघडून View, Show, File name extensions. विंडोज १० मध्ये वरच्या View पट्टीतच चौकोन आहे. हे एकदाच करायचं, आणि परवाच्या मुलाने केलं असतं तर तिथेच थांबला असता.

९ मे

‘पाटी’ची १.० आवृत्ती हाती आली. दोघांनी मिळून उघडून पाहिली. डोळ्यांनी दीडशे नावं वाचायचा कंटाळा, म्हणून फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत `powershell` लिहून एंटर मारलं आणि हे चालवलं:

```
tar -tf .\paati-1.0.osk | Select-String -NotMatch '\.(png|jpg|wav|ogg|mp3|ini)$'
```

पहिला भाग झिप न उघडता आतल्या नावांची यादी देतो, दुसरा त्यातली ओळखीच्या शेपटीची नावं गाळतो. उरेल ते संशयित. काहीच छापलं नाही तर उत्तम. आमच्या यादीत दोन नावं आली: `paati/hitcircle.psd` आणि `paati/Thumbs.db`. पहिली चित्रकर्तीची कच्ची फाइल, दुसरी विंडोजने स्वतःहून केलेली. दोन्ही निरुपद्रवी, पण काढायला सांगितल्या. मंजूर गठ्ठ्यात हे उरलं तर उद्या सदस्यांना ‘हे चालतं, ते चालत नाही’ असं वेगवेगळं समजावत बसावं लागेल. यादी रिकामीच आली पाहिजे, हा नियम सांगायला सोपा.

(लेझर, म्हणजे ओसूची नवी आवृत्ती, तिच्यातून निर्यात केलेल्या स्किनमध्ये `.json` फाइली असू शकतात, त्यात पडद्यावरच्या मांडणीची माहिती असते. आमच्या स्किनमध्ये नाहीत, म्हणून आज्ञेत घेतल्या नाहीत.)

१० मे

वरच्या यादीत एक गोष्ट काल डोळ्यांसमोर असून दिसली नाही. आज कळली.

तीन जणांना १.० करून पाहायला दिली. दोघांकडे लेझर आहे. त्यांच्याकडे झकास लागली. तिसरा कोल्हापूरचा, जुन्या मशीनवर स्टेबल, म्हणजे ओसूची जुनी आवृत्ती, खेळणारा. त्याच्या यादीत ‘पाटी’ दिसत होती, निवडताही येत होती, पण पडद्यावर सगळं मूळचंच, म्हणजे खडूही नाही आणि देवनागरी आकडेही नाहीत. म्हणाला, “भावा, पाटी कोरीच आहे.”

अर्धा तास आम्ही त्याच्या खेळावर संशय घेतला. मग कालची यादी पुन्हा काढली. नावं `paati/skin.ini`, `paati/cursor.png` अशी होती. चित्रकर्तीने आतल्या फाइली निवडून झिप करायच्याऐवजी बाहेरचा फोल्डरच झिप केला होता. त्यामुळे स्टेबलने तो गठ्ठा `Skins` फोल्डरात सोडल्यावर एका फोल्डरात दुसरा फोल्डर तयार झाला, आणि खेळ वरच्याच पातळीवर चित्रं शोधतो. तिथे काही नाही, म्हणून मूळची वापरली. लेझर मात्र आयात करताना सगळ्या नावांना समान असलेला बाहेरचा फोल्डर काढून टाकतं, म्हणून तिथे दोष झाकला गेला.

म्हणजे “माझ्याकडे चालतं” याला इथे काडीची किंमत नाही. यापुढे मंजुरीआधी दोन्हींवर पाहायचं. ओळखायची खूण सोपी आहे: नाव यादीत येतं पण रूप बदलत नाही, आणि `tar`च्या यादीत `skin.ini`च्या आधी फोल्डरचं नाव असतं.

१.१ रात्री आली. फाइली थेट झिप केलेल्या, यादी रिकामी.

११ मे

आता दुसरा प्रश्न. आम्ही तपासलेली फाइल आणि सदस्याने उतरवलेली फाइल एकच आहे हे त्याला कसं कळणार? पोरं मूळ दुव्यावर जात नाहीत, मित्राकडून व्हॉट्सॲपवर घेतात. यासाठी हॅश. फाइलच्या प्रत्येक बाइटवरून काढलेला ६४ अक्षरांचा ठसा. एक बाइट बदलला की ठसा पूर्ण बदलतो.

सूचनेत मी `Get-FileHash`ची आज्ञा दिली आणि शेजारी आमचा ठसा. दोन तासांत साताऱ्याच्या ताईंचा निरोप: “जुळत नाहीये, हॅक झालंय का?” त्यांनी पाठवलेला ठसा पाहिला तर अक्षर न अक्षर तेच, फक्त मोठ्या लिपीत. मी आमचा ठसा `certutil`ने काढला होता, तो छोट्या अक्षरांत छापतो. पॉवरशेल मोठ्या अक्षरांत छापतं. चूक माझीच. आणि माणसाने ६४ अक्षरं डोळ्यांनी जुळवावीत ही अपेक्षाही चुकीचीच. बहुतेक जण पहिली चार आणि शेवटची चार बघून मोकळे होतात. मशीनलाच विचारलेलं बरं:

```
(Get-FileHash .\paati-1.1.osk).Hash -eq 'HASH'
```

`HASH`च्या जागी आमचा ठसा चिकटवायचा. पॉवरशेलमधली ही तुलना लहानमोठं अक्षर मानत नाही. उत्तर `True` आलं तर फाइल तीच. `False` आलं तर फाइल बसवायची नाही, मला कळवायचं.

ठसा स्किनच्या दुव्याशेजारी ठेवायचा नाही असंही ठरलं. ज्याच्या हाती ते पान लागेल तो फाइल आणि ठसा दोन्ही बदलेल. म्हणून फाइल एकीकडे आणि ठसा गटाच्या पिन केलेल्या निरोपात, जो फक्त दोन ॲडमिनना बदलता येतो. आणि ठसा काय सांगत नाही हेही लिहिलं: फाइल ‘चांगली’ आहे असं तो म्हणत नाही, फक्त ‘आम्ही पाहिली ती हीच’ इतकंच. आमच्या नजरेतून काही सुटलं असेल तर ठसाही ते सुटलेलंच जपणार.

१२ मे

ताईंचाच पुन्हा निरोप: “फाइलच गायब झाली!” हेही सूचनेत हवंच होतं. ओसू स्किन आत घेतल्यावर मूळ `.osk` डाउनलोडमधून काढून टाकतं. सामान आत नेलं, पिशवी फेकली, इतकंच. पण याचा अर्थ असा की यादी आणि ठसा दोन्ही तपासण्या दोनदा क्लिक करण्याच्या आधीच व्हायला हव्यात, नंतर तपासायला काही उरत नाही. प्रत हवी असेल तर आधीच दुसरीकडे ठेवायची. पायऱ्यांचा क्रम त्याप्रमाणे बदलला.

१५ मे

१.२ निघाली. कारण आकडे. दहाच्या पुढे गेलं की वर्तुळात ‘१२’चे दोन्ही आकडे एकमेकांत घुसत होते. चित्रकर्तीने सुरुवातीला दुसऱ्या कुठल्या तरी स्किनची `skin.ini` नमुना म्हणून घेतली होती आणि त्यात हे होतं:

```
[Fonts]
HitCirclePrefix: default
HitCircleOverlap: 20
```

शेवटची संख्या म्हणजे शेजारचे आकडे किती ठिपके एकावर एक चढवायचे. त्या नमुन्यातल्या आकड्यांभोवती रिकामी जागा भरपूर असणार, म्हणून २० चालत असेल. आमचा ‘२’ शेपटीसकट चित्राच्या कडेपर्यंत जातो. उणे संख्या दिली की आकडे एकमेकांपासून लांब जातात. उणे ४ वर आणलं आणि ‘१२’ मोकळा दिसू लागला.

खरं तर एका ओळीचा बदल, पण ठसा नवा, पिन केलेला निरोप नवा, फाइलचं नाव नवं. नावात आवृत्ती ठेवलीच पाहिजे. स्टेबलमध्ये स्किनच्या फोल्डरला फाइलचंच नाव मिळतं, तेव्हा यादीत पाहून कळतं की कोणाकडे जुनी पडून आहे. जुनी काढायची तर स्टेबलमध्ये `Skins`मधला तो फोल्डर उडवायचा. लेझरमध्ये सेटिंगच्या स्किन विभागातच ती काढून टाकायचं बटण आहे. लेझरच्या `files` फोल्डरात हात घालू नये. तिथे सगळ्या फाइली ठशाच्या नावाने ठेवलेल्या असतात, कोणती कशाची हे माणसाला कळत नाही आणि एक उडवली की भलतंच काही मोडतं.

१८ मे

अंतिम सूचना. दोन ॲडमिनांनी वाचली, मग परवाच्या नाशिकच्या मुलाला वाचायला दिली. त्याला एक शब्दही विचारावा लागला नाही, म्हणून पिन केली:

“मंडळी, ‘पाटी १.२’ ही गटाने मंजूर केलेली स्किन आहे. विंडोजवर बसवताना पुढच्या क्रमाने जा, क्रम बदलू नका.

खेळ नसेल तर तो `osu.ppy.sh` इथूनच घ्या. फोल्डरात फाइलींच्या शेपट्या दिसतील अशी सोय करा. मग पिन केलेल्या दुव्यावरून `paati-1.2.osk` उतरवा. नाव नेमकं तेवढंच हवं. शेवटी `.exe`, `.scr`, `.msi` असं काहीही असेल, किंवा फाइल पासवर्डच्या झिपमधून आली असेल, तर उघडू नका, तशीच काढून टाका.

आता त्या फोल्डरात पॉवरशेल उघडून ठशाची ओळ चालवा. `True` आलं पाहिजे. हवी असल्यास फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, कारण पुढच्या पायरीनंतर मूळ फाइल नाहीशी होईल.

मग फाइलवर दोनदा क्लिक करा. कशात उघडू असं विंडोजने विचारलं तर ओसू निवडा. लेझर चालू असेल तर फाइल ओढून त्याच्या खिडकीत सोडली तरी चालते. नंतर सेटिंगमधल्या स्किनच्या यादीतून ‘पाटी’ निवडा. वर्तुळात १ २ ३ देवनागरीत दिसले की झालं.

यात कुठेही लॉगिन, पासवर्ड, ॲडमिनची परवानगी किंवा अँटिव्हायरस बंद करणं लागत नाही. यातलं काहीही मागितलं गेलं तर थांबा आणि आम्हाला विचारा. चुकून काही चालवलं असेल तर लाजू नका, लगेच सांगा, रात्री बारा वाजता सांगितलंत तरी चालेल.”

शेवटचं वाक्य सहकारी ॲडमिनने घातलं. मी रात्री दहा लिहिलं होतं.

२४ मे

आठवडाभराचा हिशेब. दोन तक्रारी आल्या.

पहिली: “एकाच गाण्यावर पाटी लागत नाही, बाकी सगळीकडे लागते.” दोष आमचा नाही. गाण्याचा नकाशा, म्हणजे त्यावरच्या वर्तुळांची मांडणी, करणारा त्यासोबत स्वतःची चित्रं देऊ शकतो, आणि तशी सोय चालू असेल तर ती आपल्या स्किनवर मात करतात. नकाशाची स्किन वापरायची नाही असं सेटिंगमध्ये बंद करता येतं. सूचनेत एक ओळ वाढवली.

दुसरी जास्त बोलकी. पुण्याच्या एका मुलाकडे `False` आलं. फाइल मित्राने व्हॉट्सॲपवर दिलेली. आधी वाटलं अर्धवट उतरली असेल, पण आकार आमच्यापेक्षा मोठा होता. `tar`ची यादी काढली तर सगळी नावं तीच, परका एकही प्रकार नाही. दोन्ही गठ्ठे वेगळ्या फोल्डरांत सोडून एकेक ठसा काढला तेव्हा सापडलं: `combobreak.wav` वेगळी. सलग टिचक्यांची साखळी तुटली की वाजणारा आवाज. मित्राने आपल्या आजीचं “अरे देवा!” ध्वनिमुद्रित करून घातलं होतं आणि पुन्हा झिप करून वाटलं होतं.

निरुपद्रवी, आणि खरं सांगायचं तर आमच्या आवाजापेक्षा बरं. पण ते ‘पाटी १.२’ नव्हे. त्याला म्हटलं, नाव बदलून वाट. चित्रकर्तीने मात्र त्याच्याकडून ती फाइल मागवून घेतली आहे. १.३ मध्ये घालायची म्हणते. आजींना विचारून.